फांदी

पिंपळगावहून कांदा भरून इंदूरला टाकायचा आणि येताना तिकडून सोयाबीनची पेंड घेऊन नाशिकला उतरायची, हे माझं गेल्या नऊ वर्षांचं काम. दहाचाकी गाडी, मालकाची, पण स्टेअरिंगवर कायम मीच. सोबत क्लिनर म्हणून माझ्या सख्ख्या बहिणीचा पोरगा गणेश, वय एकोणीस. मंदाचा नवरा गेल्यावर तिनेच माझ्या हाती दिला होता त्याला, म्हणाली दादा याला गाडी शिकव, पण तुझ्या नजरेखाली ठेव.

मी प्यायचो. रोज. गाडी चालवताना बाटली तोंडाला लावायचो असं नाही, आणि याच एका गोष्टीवर मी स्वतःला चांगला ड्रायव्हर समजायचो. जेवणाला थांबलो की क्वार्टर, थंडी असली तर वर थोडी अजून, मग दोन तास सीटवर आडवं व्हायचं, उठून तोंडावर पाणी मारायचं, कडक चहा, की झालं. लाईनवरचे सगळे हेच सांगतात, दोन तास झोपलं की उतरते. मीही नव्या पोरांना हेच सांगितलंय.

डिसेंबरातली गोष्ट आहे. इंदूरला काट्यावर गाडी संध्याकाळपर्यंत अडकली, नंबरच लागेना, त्यात मालकाचा फोनवर फोन, सकाळी माल खाली झालाच पाहिजे. खलघाटचा नर्मदेचा पूल ओलांडला तेव्हा दहा वाजून गेले होते. पुढे जुलवानियाजवळ नेहमीच्या धाब्यावर थांबलो. तिथल्या माणसाला सांगावं लागायचं नाही, मी बाजेवर बसलो की ग्लास आणि पाण्याचा जग आपोआप समोर यायचा. बारा वाजेपर्यंत बसलो. गणेशने शेवभाजी रोटी खाल्ली आणि माझ्याकडे बघत बसला, एकदा म्हणालाही की मामा आज इथंच झोपू ना सकाळपर्यंत. मी म्हटलं मालकाला तू जबाब देणार का? तो गप्प झाला.

तीनला उठलो, चहा मारला, निघालो. सेंधवा गेलं. काचा बंद होत्या थंडीमुळे आणि केबिनमधे माझ्याच तोंडाचा वास भरला होता, तो मला येत नव्हता, गणेशला येत असणार, पण तो बिचारा घोंगडी डोक्यावरून घेऊन मागच्या पट्टीवर पडला होता.

बिजासन मातेच्या देवळाशी मी नेहमी हॉर्न वाजवून हात जोडतो. त्या रात्री जोडले का ते आठवत नाही. तिथून पुढे पळासनेरकडे घाट खाली उतरतो आणि ज्यांनी तो लोड घेऊन उतरवलाय त्यांना सांगायला नको. खालच्या गिअरमधे इंजिनच्या जोरावर गाडी धरून उतरवायची, ब्रेकला पाय जेवढा कमी लागेल तेवढा बरा, हे मी गणेशला पहिल्याच ट्रिपला शिकवलं होतं. आणि मी काय केलं, तर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली. शुद्धीत असतो तर सोळा टन पेंड मागे असताना असलं धाडस केलं नसतं, पण दारू पोटात असली की माणसाला वाटतं रस्ता आपल्या बापाचा आहे.

ब्रेक मारतोय, सोडतोय, मारतोय, लायनर तापल्याचा तो जळका वास यायला लागला, तेवढं कळलं, आणि मग काहीच कळलं नाही. किती वेळ डोळे मिटले होते मला माहीत नाही. दोन सेकंद असतील, चार असतील.

जागा झालो ते आवाजाने. चाकाखाली काहीतरी करकर करकर मोडत होतं. हेडलाईटमधे पानंच पानं. पळसाच्या हिरव्या फांद्या होत्या, कुणीतरी तोडून रस्त्यावर ओळीने टाकलेल्या, आणि त्यापुढे दगड. गाडी बंद पडली की मागून येणाऱ्याला कळावं म्हणून आपण सगळेच टाकतो तशा. डोकं चालायच्या आधी हात चालले, सगळं स्टेअरिंग उजवीकडे ओढलं आणि त्याच क्षणी डाव्या बाजूला एक ट्रक उभा दिसला, जॅकवर चढवलेला, आणि त्याच्या मागच्या चाकातून बाहेर आलेले दोन पाय. पायात निळ्या पट्ट्याची स्लीपर. एका पायात होती, दुसरी रस्त्यावर पडली होती.

खाडकन आवाज झाला. आमचा डावा आरसा गेला, त्यांच्या बॉडीच्या कोपऱ्याला घासून. गाडी शंभर-दीडशे मीटर पुढे जाऊन कडेच्या कठड्याजवळ थांबली, कशी थांबली ते त्या आईलाच माहीत. हवेच्या प्रेशरचा काटा पार खाली आला होता.

मी दार उघडून उतरायला गेलो तर पाय राहिले नाहीत, पायरीवरच बसलो. गणेश उडी मारून मागे पळत गेला. मला त्याचा आवाज येत नव्हता आणि मी वाट बघत होतो की आता तो ओरडेल, आता ओरडेल. एवढी लांब वाट मी आयुष्यात पाहिली नाही.

तो परत आला, सोबत दोघं. एक म्हातारा ड्रायव्हर आणि त्याचा क्लिनर. पोरगं गणेशपेक्षाही लहान दिसत होतं, अंगावर ग्रीस, एका पायात निळी स्लीपर आणि दुसरा पाय अनवाणी. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. मला वाटलं आता हे मला मारणार, आणि मारायलाच हवं होतं. पण ते पोरगं माझ्यासमोर उकिडवं बसलं आणि म्हणालं, "उस्ताद, नींद लग गई थी क्या?"

मी म्हटलं, "हां. नींद लग गई थी."

म्हातारा म्हणाला होता है, सबके साथ होता है, मालिक लोग सोने कहां देते हैं. पोरगं पळत गेलं, त्यांच्या गाडीतून पाण्याची बाटली घेऊन आलं आणि त्याने स्वतःच्या हाताने माझ्या तोंडावर पाणी मारलं. त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर होतं. त्याला वास आला. त्याच्या डोळ्यात मला ते दिसलं. तो काही बोलला नाही, फक्त बाटली माझ्या हातात दिली आणि मागे सरकला.

त्याने शिवी दिली असती तर मी कदाचित ती रात्र विसरलो असतो.

उजाडेपर्यंत तिथंच थांबलो. गणेशने बंपरमधे अडकलेली फांदी ओढून काढली, हातभर लांब, तिच्यावर तीन पानं शिल्लक होती. ती फेकायला निघाला तर मी म्हटलं राहू दे, दे इकडे. डॅशबोर्डवर ठेवली. तेव्हा तो पहिल्यांदा बोलला, माझ्याकडे न बघता. "मामा, मी जागा होतो. गाडी न्यूट्रलमधे टाकलेली मला कळली होती. पण तुम्हाला कसं बोलायचं?"

शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिकपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

घरी सुनीताला सांगितलं. ती रडली नाही, म्हणाली पंढरीची माळ घाला. आमच्या वस्तीवर दोघांनी माळ घालूनच सोडलीय, त्यामुळे तिला तोच रस्ता माहीत. पण मला माझीच खात्री नव्हती. माळ घालायची आणि जुलवानियाला पोचल्यावर ती काढून खिशात ठेवायची, असं करणारे मी पाहिलेत, आणि मला त्या यादीत जायचं नव्हतं. म्हटलं आधी डॉक्टरकडे जातो.

कारण एक रात्र न पिता काढून बघितली होती आणि चहाची बशी हातात धरवेना, घामाने गोधडी भिजली, भिंतीवर मुंग्या चालताना दिसल्या ज्या नव्हत्याच. डॉक्टर म्हणाले बरं झालं आलात, रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आठ दिवस ॲडमिट केलं. गोळ्या, सलाईन, व्हिटॅमिनची इंजेक्शनं. एकदा राऊंडला आले तेव्हा मी त्यांना तो दोन तासांचा हिशोब विचारला. ते म्हणाले, अहो लिव्हर आपल्या वेगाने काम करतं, एक क्वार्टर अंगातून पूर्ण जायला सात-आठ तास सहज लागतात, झोपेने, चहाने, लिंबाने त्यात काही फरक पडत नाही. मी पडल्या पडल्या मोजायला लागलो. बाराला संपवली, तीनला निघालो. आणि अशा किती रात्री, नऊ वर्षांत किती रात्री. मोजणं सोडून दिलं.

तिथूनच एकाने ए. ए. च्या मीटिंगला नेलं. एक रिटायर मास्तर, एक रिक्षावाला, एक माझ्यासारखाच ट्रकवाला, सगळे गोल बसलेले. ते म्हणतात फक्त आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचं उद्या. मला हे जमलं, कारण ड्रायव्हरला पुढच्या टोलपर्यंतचाच विचार करायची सवय असते. पहिल्या ट्रिपला धाब्यावर गेलो आणि बाजेवर बसलो की ग्लास आला. मी त्या ट्रकवाल्याला फोन लावला, तो मनमाडला गाडी भरत होता, तरी वीस मिनिटं माझ्याशी कांद्याच्या भावावर बोलत राहिला. जेवलो, निघालो. आता त्या धाब्यावर थांबतच नाही, पुढे जाऊन जेवतो, तिथली भाजी बेकार आहे पण चालतंय.

एक काम मात्र मी महिनाभर टाळलं. मंदाकडे जायचं. गणेशने तिला आरसा फुटल्याचं सांगितलं होतं, बाकी नाही. पोरगं माझ्यासाठी आईशी खोटं बोलत होतं, हे मला दारूपेक्षा जड जात होतं. शेवटी एका रविवारी गेलो आणि ओट्यावर बसून सगळं सांगितलं, ग्लास, न्यूट्रल, निळी स्लीपर, नींद लग गई थी, सगळं. ती लसूण सोलत होती. सोलतच राहिली. मग म्हणाली, "दादा, गण्या आता तुझ्या गाडीवर येणार नाही." मी म्हटलं बरोबर आहे. चहासुद्धा न घेता उठलो.

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च मी दुसऱ्या क्लिनरला घेऊन गेलो. फांदी डॅशबोर्डवर वाळून काटकी झाली, पानं कधीच गळाली, नवा पोरगा म्हणायचा हे काय कचरा ठेवलाय.

एप्रिलमधे उन्हाळ कांदा भरून पिंपळगावला ताडपत्री बांधत होतो, संध्याकाळची वेळ. बघतो तर मंदा उभी, मागे गणेश, खांद्याला बॅग. ती काही बोलली नाही. पदर खोचला, ड्रायव्हर साईडच्या पायरीवर चढली आणि मला म्हणाली, "इकडे ये." मी गेलो. "तोंड उघड." लहानपणी मी कच्च्या चिंचा खाऊन आलो की आई असंच करायची. मी तोंड उघडलं. मंदाने जवळ येऊन वास घेतला, एकदा, मग पुन्हा एकदा.

खाली उतरली, हात झटकले आणि पोराला म्हणाली, "चढ."