उद्याच्या ऑपरेशनआधी

मनू, झोपली असशील तर सकाळी वाच. उत्तर द्यायचं नाही, निळ्या टिका दिसल्या तरी पुरे.

दुपारी तू "मला भीती वाटतेय" म्हणालीस आणि खोलीतले सगळे एकदम सुरू झाले, "काही नाही गं, पित्ताशयाचं म्हणजे हल्ली किरकोळ." त्यांचा हेतू चांगला होता, पण पोट तुझं आहे. भीती वाटली तर वाटू दे. सकाळी रडू आलं तरी माझ्यासमोर हसरा चेहरा करू नकोस.

डॉक्टरांनी सांगितलेलं तू निम्मंच ऐकलंस असं वाटलं, म्हणून लिहितो. दुर्बिणीतून करणार, चार छोटी छिद्रं. भूल पूर्ण, त्यामुळे आत काय चाललंय ते तुला कळणार नाही. पोटात गॅस भरतात, त्यामुळे नंतर उजवा खांदा दुखू शकतो. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा, म्हणून दचकू नकोस. दुखलं की लगेच सिस्टरना सांग. सोसून दाखवायचं नाहीये, तुला ती सवय आहे म्हणून म्हणतो.

चिऊला सांगितलं, की आईचं नेलपेंट सिस्टरनी पुसलं, कारण बोटाला चिमटा लावतात आणि तो नखातून बघतो. तिला त्या चिमट्याचंच जास्त अप्रूप. आता म्हणतेय, घरी आल्यावर जांभळं लावणार. जेवली, आजीजवळ झोपली. मंगळसूत्र काढावं लागेल याचं तुला वाटत होतं ना? आई म्हणाली, "तिला सांग, धातूचं काहीच चालत नाही आत, निवांत काढ."

फोन सगळे माझ्याकडे वळवलेत. सांगलीच्या मावशीला अकरानंतरची वेळ दिलीय, नाहीतर तिच्या शेजारणीच्या ऑपरेशनची कथा तुला पहाटेच ऐकावी लागली असती! सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा पिशवीत घालून कपाटावर टाकलाय. शाळेतून काही विचारणा झाली तर मी बघतो. तू लवकर बरं व्हायचं, अमुक तारखेला हजर व्हायचं, असलं काही नाही. स्वयंपाकघराचंही तसंच. खिचडी मला येते, चिऊ ती खाते, तक्रार करत करत.

मी साडेपाचला तासगावातून निघतो, म्हणजे तुला आत नेण्याआधी मिरजेत पोचतो. बोलावंसं वाटलं तर बोलू, नाहीतर नुसता शेजारी बसतो. तू आत असताना बाहेर मी आणि तुझी आई आहोत. बाहेर आणतील तेव्हा समोर मीच असेन, पण भुलीत मला ओळखलं नाहीस तरी राग नाही.

बारानंतर पाणीही नाही म्हणालेत, तेव्हा तहान असेल तर आत्ताच पिऊन घे. चार्जर, तुझी जुनी शाल आणि मोजे पिशवीत भरलेत. आणखी काही हवं असेल तर नुसतं नाव टाक.