न रडणारा चरित्रपट : ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’

प्रश्न : तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात ‘पाहिलेला चित्रपट’ हे सदर आहे. त्यासाठी तुम्हांला आवडलेल्या एका मराठी चित्रपटाचे परीक्षण लिहा. कथानक, अभिनय, दिग्दर्शन, तांत्रिक बाजू, तुमचे मत आणि शिफारस हे मुद्दे लेखनात यावेत.

नमुना उत्तर :

चित्रपट : हरिश्चंद्राची फॅक्टरी
लेखन व दिग्दर्शन : परेश मोकाशी
प्रमुख भूमिका : नंदू माधव, विभावरी देशपांडे
संगीत : आनंद मोडक

थोरामोठ्यांच्या आयुष्यावरचा चित्रपट म्हटला की आपण आधीच सावरून बसतो. गरिबी येणार, अपमान येणार, पावसात भिजत चाललेला नायक येणार आणि शेवटी टाळ्यांच्या कडकडाटात त्याचे डोळे पाणावणार. दादासाहेब फाळके यांच्या आयुष्यात यासाठी लागणारा सगळा मालमसाला होता. हातचा धंदा सुटलेला, घरातलं सामान विकावं लागलेलं, डोळ्यांवर संकट आलेलं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वेड्यात काढलेलं. तरीही ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पाहताना रुमाल काढावा लागत नाही. आपण हसत राहतो. मोकाशींचा हा पहिलाच चित्रपट, आणि पहिल्याच चित्रपटात त्यांनी नायकाची कीव करायला ठाम नकार दिला आहे. माझ्या दृष्टीने या चित्रपटाचं मोठेपण तिथेच आहे, आणि त्याची एक उणीवही तिथूनच येते.

गोष्ट साधारण 1911 ते 1913 या काळातली. धुंडिराज गोविंद फाळके हा मुंबईत राहणारा चाळिशीचा गृहस्थ. छपाईच्या धंद्यात भागीदाराशी बिनसलं म्हणून तो त्यातून बाहेर पडला आहे. जादूचे प्रयोग येतात, फोटोग्राफी येते, पण नेमकं करायचं काय हे ठरलेलं नाही. एक दिवस तंबूत हलती चित्रं पाहायला मिळतात आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांच्या मागे धावतं. तो पुन्हा पुन्हा खेळ पाहतो, इतका की डोळे दुखावतात. बरा झाला की पैशांची जमवाजमव करून 1912 साली बोट पकडून लंडनला जातो, तिथे चित्रपट कसे तयार होतात ते पाहतो, कॅमेरा विकत घेऊन परततो. मग उभी राहते ‘राजा हरिश्चंद्र’ची निर्मिती. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात तो प्रेक्षकांसमोर आला आणि भारतीय कथापटाची सुरुवात झाली, हे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत वाचलेलं असतं. त्या एका ओळीमागे किती खटपट होती, ते हा चित्रपट सुमारे दीड तासात दाखवतो.

शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो, तरी उत्सुकता टिकून राहते. याचं कारण ‘यश मिळेल का’ हा प्रश्न चित्रपट विचारतच नाही. तो विचारतो, ‘हे आता जमवायचं कसं?’ कॅमेरा आला, पण फिल्म धुवायची कुठे? पैसा हवा, पण जी वस्तू कुणी पाहिलेलीच नाही तिच्यावर पैसे लावणार कोण? यावर फाळक्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. कुंडीत वाटाण्याचं बी पेरायचं, त्याच्या वाढीची थोडी थोडी चित्रं रोज टिपायची आणि ती सलग दाखवायची. पडद्यावर काही क्षणांत रोप उगवून वर येतं. भाषण नाही, विनवणी नाही. रोपानेच सावकाराची समजूत घातली.

सगळ्यांत खुमासदार भाग आहे तो नटांच्या शोधाचा. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळता मिळत नाही. चित्रपटात काम करणं ही त्या काळी इतकी कमीपणाची गोष्ट, की ज्या बायकांकडे समाज तुच्छतेने पाही त्याही नाही म्हणतात. अखेर उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा तरुण तारामती होतो. आता पुरुषांनी बायका व्हायचं तर मिशा काढायला हव्यात, आणि वडील जिवंत असताना मिशी काढायची कशी! या एका अडचणीवर चित्रपट जो विनोद उभारतो तो कुणाची टिंगल करत नाही. त्या माणसांना खरंच संकट पडलंय, हे आपल्याला कळतं आणि तरी हसू आवरत नाही. लुगडी नेसलेल्या गड्यांना बायकांची चालढाल अंगवळणी पडावी म्हणून घरकामाला जुंपलं जातं, तो प्रसंग तर मी दोनदा मागे नेऊन पाहिला.

नावातली ‘फॅक्टरी’ इथेच येते. सिनेमात आहोत असं घरी सांगायची सोय नाही, म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगतात : कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणा. थाप म्हणून हे मजेशीर आहेच, पण विचार केला तर ती थाप नाहीच. पडद्यावर आपल्याला दिसतो तो खरोखरच एक कारखाना. स्वयंपाक होतोय, कपडे शिवले जातायत, फिल्मला भोकं पाडली जातायत, रात्री अंधारात ती धुतली जातेय. कलेचा जन्म म्हणजे एकांतात सुचलेली दिव्य कल्पना असं आपल्याला उगीच वाटत असतं. इथे तो चुलीपासून अंगणापर्यंत पसरलेला घरगुती पसारा आहे.

नंदू माधव यांनी फाळके उभे केलेत ते भरघोस मिशा, लगबगीची चाल आणि सतत काहीतरी सापडल्यासारखे चमकणारे डोळे यांच्या जोरावर. मूकपटातला एखादा विनोदी नट चुकून बोलपटात आला असावा असं त्यांच्याकडे पाहताना वाटतं. वाईट बातमी आली तरी हा माणूस क्षणभर थबकतो आणि लगेच पुढची युक्ती शोधू लागतो. हे सोपं नाही. जरा जास्त झालं असतं तर फाळके बावळट वाटले असते, जरा कमी पडलं असतं तर नुसतेच आनंदी गृहस्थ. नंदू माधव या दोहोंच्या मधून नेमके चालतात.

विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई हे दुसरं बलस्थान. नवऱ्याच्या वेडाला सहन करणारी सोशिक बायको हा आपल्या पडद्यावरचा नेहमीचा साचा आहे. इथली सरस्वती त्यात बसत नाही, तिलाही या खेळाची गोडी लागलेली आहे. घरातली एकेक वस्तू बाहेर जाते तेव्हा ती रडत नाही, हिशेब मांडते. पुढे सगळ्या चमूचं जेवणखाण सांभाळून फिल्मच्या कामातही हात घालते.

दिग्दर्शक नाटकातून आलेले आहेत, हे चौकटींवरून कळतं. कॅमेरा बहुतेक वेळा स्थिर, समोरासमोर उभा. माणसं चौकटीत येतात, काही घडतं, निघून जातात. एरवी ही रंगमंचाची सवय म्हणून खटकली असती. पण ज्या काळातला सिनेमा असाच टिपला जात होता, त्या काळाची गोष्ट सांगताना ती शोभून दिसते. शंभर वर्षांपूर्वीची मुंबई फार खर्चिक देखावे न करता पटते. आनंद मोडक यांचं संगीत प्रसंगाच्या पुढे धावत नाही, पण नायकाच्या पावलांना ठेका देत राहतं. विशेष म्हणजे ते कुठेही ‘आता हळवे व्हा’ असं खुणावत नाही.

आता उणीव. दुःखाला फाटा देण्याचा निर्णय मला पटला, पण तो सगळ्यांच्या वतीने घेतला गेला आहे असं दुसऱ्यांदा पाहताना जाणवलं. फाळक्यांना धोका पत्करण्यात आनंद होता, ठीक. पण गरोदर सरस्वतीबाईंना घरी ठेवून नवरा सातासमुद्रापार जातो, तेव्हा त्या घरातल्या रात्री कशा गेल्या असतील? एखाद्या संध्याकाळी तरी ती चिडली असेल, घाबरली असेल. चित्रपट तिला तेवढी उसंत देत नाही. तिच्या चेहऱ्यावर सावली पडते न पडते तोच पुढचा विनोद येतो. विभावरी देशपांडे यांच्यासारखी अभिनेत्री हाताशी असताना दोन मिनिटांचा एक शांत प्रसंग हवा होता. लंडनचा भागही मला घाईघाईने उरकल्यासारखा वाटला. तिथले सगळेच साहेब भेटल्या भेटल्या मदतीला धावतात. फाळक्यांना तिथे मदत मिळाली हे खरं आहे, पण पडद्यावर ती इतकी सहज मिळते की एवढ्या लांबच्या प्रवासाचं वजनच उरत नाही.

आणखी एक आक्षेप वर्गात ऐकला : फाळक्यांच्या पुढच्या आयुष्यातली उपेक्षा दाखवलीच नाही, म्हणजे चित्रपट अर्धवट आहे. मला हे मान्य नाही. हा फाळक्यांच्या आयुष्याचा नव्हे, एका चित्रपटाच्या जन्माचा चित्रपट आहे. बाळाच्या बारशाला त्याच्या म्हातारपणाची चर्चा कोण करतं?

56व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. ‘श्वास’नंतर भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेलेला हा दुसरा मराठी चित्रपट. पुरस्कारांची यादी पाहून चित्रपट पाहावा असं मी कुणाला सांगणार नाही, पण ‘हलकाफुलका आहे म्हणजे किरकोळ असेल’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही नोंद.

शिफारस : पाच पैकी चार तारे. एक तारा सरस्वतीबाईंच्या न दिसलेल्या रात्रींसाठी राखून ठेवला आहे. लहान भावंडांना सोबत घेऊन पाहण्यासारखा हा चित्रपट आहे. मिशांचा प्रसंग त्यांना तुमच्याआधी कळेल. ज्यांना नाट्यमय कलाटण्या, खलनायक आणि अश्रू हवेत त्यांचा मात्र विरस होईल. नाटक, लघुपट, एकांकिका यांची धडपड करणाऱ्या आपल्या महाविद्यालयातल्या मुलामुलींनी तर तालमी सुरू होण्याआधीच तो पाहावा. आपल्याकडे कॅमेरा चांगला नाही, जागा नाही, पैसे नाहीत, ही आपली नेहमीची कारणं. वाटाण्याचं रोप पाहिल्यावर ती सांगायला जरा लाज वाटते. निदान मला तरी वाटली.