संचयिकेची चावी

हा फोटो 2002 चा आहे, सातवीचा निरोप समारंभ. मधे खुर्चीत आमच्या बाई, आणि त्यांच्या पाठीमागे दोन वेण्या आणि लाल रिबिनवाली ती मी.

पाटण तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. पावसाळ्यात पत्र्यावर असा धोधो पाऊस पडायचा की शिकवलेलं ऐकूच यायचं नाही, मग बाई फळ्यावर लिहायच्या आणि आम्ही गपगुमान उतरवून घ्यायचो. बाई रोज सकाळच्या पहिल्या एसटीने यायच्या, फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालत. एकदा वर्गात सगळ्या पोरी मागे बसलेल्या बघून म्हणाल्या, सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच जिल्ह्यात आहे ना, मग पुढं या की. तेव्हापासून मी पहिल्या बाकावर.

पण आज जे लिहायचंय ते वेगळंच आहे आणि ते मी आजवर फक्त नवऱ्याला सांगितलंय.

शाळेत संचयिका होती, ज्यांना आठवते त्यांना आठवेल, पोरांची बँक. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी सगळे रुपया दोन रुपये भरायचे. सहावीत बाईंनी मला कॅशियर केलं. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, त्याला छोटं कुलूप, चावी माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात. घरी सुद्धा काढायची नाही मी ती.

आणि चैत्रात गावची जत्रा आली. घरी पैसे मागायची सोय नव्हती, त्या वर्षी आबांचं काम बंद होतं. मी डब्यातले 11 रुपये घेतले. हिरव्या बांगड्या घेतल्या, भेळ खाल्ली, पाळण्यात बसले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मजा आली. रात्री मात्र डोळ्याला डोळा नाही.

शनिवारी बाईंनी डबा मोजला. परत मोजला. माझ्या हाताकडे बघितलं, बांगड्या होत्याच. मला वाटलं आता वर्गासमोर उभी करणार, घरी निरोप जाणार, आई सोलून काढणार. बाईंनी बाकीच्या पोरांना घरी पाठवलं, वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "लिही. किती, कुणी, कधी. तुझ्या अक्षरात." मी लिहिलं. रडून रडून शाई फुटली त्या ओळीवर. मी चावी काढून द्यायला लागले तर म्हणाल्या, "ती राहू दे तुझ्याकडं. पैसे तू भरायचेस, मग कुलूप कोण लावणार?"

बस एवढंच. ना छडी, ना घरी निरोप, आणि 11 रुपये त्यांनी स्वतः घातले पण नाहीत, ती ओळ तशीच उघडी ठेवली. मे महिन्यात मी फाट्यावर पानाच्या द्रोणात करवंदं विकली, रुपयाला एक द्रोण, आणि जूनमध्ये शाळा उघडली त्या पहिल्याच शनिवारी 11 रुपये डब्यात टाकले. बाईंनी त्याच ओळीपुढे माझ्याच हाताने 'जमा' लिहून घेतलं आणि खाली सही केली.

आज मी एसटीत कंडक्टर आहे. ड्यूटीवर निघताना स्वतःच्या पर्समधले पैसे आधी नोंदवावे लागतात आणि रात्री डेपोत मशीनच्या हिशोबाला कॅश जुळवून भरायची. नवीन होते तेव्हा गर्दीत कधी वीस पन्नास कमी पडायचे, लोक म्हणायचे अगं कुणाला तरी सुट्टे देऊ नको की, होतंय बरोबर. मला कधी जमलंच नाही ते. कमी पडले तर कमी पडले म्हणून सांगायचं आणि भरायचे. बॅग खांद्याला लावताना आजही हात आधी गळ्याशी जातो, तिथं आता मंगळसूत्र असतं पण मी शोधते तो काळा दोराच.

मागच्या उन्हाळ्यात बाई माझ्याच गाडीत चढल्या. केस पांढरे, हातात तीच कापडी पिशवी. मी भर गाडीत पाया पडले, म्हटलं बाई तिकीट मी काढते तुमचं. "मशीनमधून काढ, पैसे माझे घे," म्हणाल्या, बायकांना आता अर्धं तिकीट आहे तेवढे मोजून हातात ठेवले. उतरताना मात्र गाल कुरवाळला आणि विचारलं, "काय गं, जुळतंय का रोज?"

जुळतंय बाई. रोज जुळतंय.

बाईंकडे साधा फोन आहे, हे त्यांची सून वाचून दाखवेल. बाई, शिक्षक दिनाच्या खूप खूप शुभेच्छा. शनिवारी माझी सकाळची ड्यूटी आहे, दुपारी सुटले की येते घरी, जेवायला थांबू नका पण चहा ठेवा 🙏

#शिक्षकदिन #आमच्याबाई #जिल्हापरिषदशाळा