इंटर्नशिपसाठी निवडपत्र

आंबा व काजू प्रक्रिया कारखाना
पावस, ता. जि. रत्नागिरी
दिनांक : 12 मार्च 2026

प्रति,
कु. सायली
बी.टेक. (अन्न तंत्रज्ञान), तिसरे वर्ष

विषय : हापूस हंगामात आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी निवड

प्रिय सायली,

मुलाखतीत तुम्हाला विचारलं होतं, की वरून निर्दोष दिसणाऱ्या हापूसमध्ये साका आहे हे कसं ओळखाल? "कापल्याशिवाय नाही सांगता येणार," असं तुम्ही सरळ सांगितलंत. प्रयोगशाळेत आम्हाला असंच माणूस हवं असतं. तुमची इंटर्नशिपसाठी निवड झाली आहे, हे कळवताना आनंद होतो.

इंटर्नशिप सोमवार, 6 एप्रिल ते शनिवार, 30 मे 2026 अशी राहील. वेळ सकाळी 9 ते सायंकाळी 5.30, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. रविवारी सुट्टी. मे महिन्यात कॅनिंगचा माल एकदम येतो. त्या दिवसांत एखाद्या रविवारी बोलावलं, तर बदली सुट्टी त्याच आठवड्यात मिळेल. रात्रपाळीला तुम्हाला थांबवलं जाणार नाही, माल कितीही आला तरी.

विद्यावेतन दरमहा ₹9,000, एकूण ₹18,000. पहिला हप्ता 5 मे रोजी आणि दुसरा 30 मे रोजी तुमच्या बँक खात्यात जमा होईल. कारखान्याच्या महिला निवासात राहण्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय विनाशुल्क आहे. त्यापोटी विद्यावेतनातून काही कापलं जाणार नाही. आजारपणाच्या तीन रजांचे पैसेही कापले जाणार नाहीत. ही नोकरी नव्हे. पुढे नोकरी देण्याचं आश्वासन या पत्रात नाही, तसं तुम्ही गृहीत धरू नये.

तुमचं काम गुणवत्ता विभागाच्या प्रमुख पाहतील. पहिले दोन आठवडे तुम्ही माल उतरवण्याच्या जागी असाल : क्रेट मोजणं, आढीतल्या फळांची पक्वता बघणं, खराब फळ बाजूला काढणं. तिथल्या बायका वीस-वीस वर्षं फळ हाताळत आहेत. वासावरून त्यांना जे कळतं ते पुस्तकात नाही, म्हणून त्यांना विचारून शिका. त्यानंतर प्रयोगशाळा : रिफ्रॅक्टोमीटरवर पल्पचा ब्रिक्स, पीएच, डब्यांच्या सीमची तपासणी. पल्पचा पीएच 4.5 च्या वर गेलेला दिसला, तर ती बॅच तिथेच थांबवून प्रमुखांना हाक मारायची. आधी नोंद पूर्ण करू, मग सांगू, असं नको. रोजची डायरी लिहावी, दर शनिवारी ती प्रमुखांसोबत वाचली जाईल. यंत्र एकट्याने चालू करू नये. महाविद्यालयाचं मूल्यमापन पत्रक आम्ही शेवटच्या आठवड्यात भरून देऊ.

प्रक्रिया विभागात टोपी, मास्क आणि ॲप्रन घालूनच यावं. बांगड्या, अंगठ्या, नेलपॉलिश चालणार नाही. हाताला जखम असेल किंवा पोट बिघडलं असेल, तर लपवू नका, त्या दिवशी दुसरं काम देऊ. न घेतलेलं रीडिंग नोंदवहीत लिहिणं ही एकच चूक अशी आहे, की तिच्यासाठी इंटर्नशिप त्याच दिवशी संपेल. रीडिंग चुकलं तर चुकलं म्हणून लिहा, त्याबद्दल कोणी रागावणार नाही. तुमच्याशी कोणी गैरवागलं, तर 2013 च्या कायद्यानुसार नेमलेली अंतर्गत तक्रार समिती आहे. सदस्यांची नावं निवासाच्या फलकावर आहेत.

गोपनीयतेबद्दल थोडं सविस्तर. बागायतदार आम्हाला कोणत्या दराने, किती माल देतात, हे तुमच्या कानावर येईल. पंचक्रोशीत एकाचा दर दुसऱ्याला कळला, की वर्षानुवर्षांचं नातं तुटतं आणि त्यात नुकसान शेतकऱ्याचंच होतं. म्हणून दर, बागायतदारांची व ग्राहकांची नावं, पल्प व सरबताच्या कृती, यंत्रांची मांडणी यांतलं काहीही बाहेर सांगू नये. आतले फोटो किंवा व्हिडिओ स्टेटसला ठेवू नयेत. इंटर्नशिप संपल्यावर दोन वर्षं हे बंधन राहील. महाविद्यालयाचा अहवाल देण्यापूर्वी प्रमुखांना दाखवावा. चार दिवसांत परत मिळेल. तुम्ही शिकलेलं कौशल्य मात्र तुमचंच आहे, ते कुठेही वापरा. आणि अन्नसुरक्षेत काही खोट दिसली, तर ती आम्हाला सांगणं, आम्ही ऐकलं नाही तर अन्न व औषध प्रशासनाला कळवणं, हा गोपनीयतेचा भंग ठरणार नाही.

कोणत्याही बाजूने सात दिवसांची लेखी सूचना देऊन इंटर्नशिप थांबवता येईल. झालेल्या दिवसांचं विद्यावेतन दिलं जाईल.

मान्य असल्यास या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही करून 20 मार्चपर्यंत पाठवावी. सोबत महाविद्यालयाचं ना-हरकत पत्र, आधारची प्रत आणि बँक पासबुकाचं पहिलं पान जोडावं. 5 एप्रिलला दुपारपर्यंत रत्नागिरी एसटी स्टँडवर पोहोचलात, तर कारखान्याची गाडी न्यायला येईल. बंद बूट आणि सुती कपडे आणा, एप्रिलचा उकाडा इथे फार असतो.

आपली,
संचालिका

मला वरील अटी वाचून मान्य आहेत.
विद्यार्थिनीची सही व दिनांक