ताई, ते स्क्रीनशॉट मी वाचणार नाही

ताई,

काल रात्री पाठवलेले चारही स्क्रीनशॉट आज सकाळी ओपीडीच्या आधी पाहायला घेतले. खाली तुझा प्रश्न होता, ‘तू डॉक्टर आहेस, नीट वाच आणि सांग, हिला नेमकं काय झालंय? सोयरीक करावी की नको?’ पहिलाच उघडला आणि अर्ध्यावर थांबलो. बाकीचे तीन उघडले नाहीत, उघडणारही नाही. त्या गप्पांवरून मी काहीही सांगणार नाही.

रागावू नकोस. ओंकारची काळजी तुझ्याइतकीच मलाही आहे.

त्या मुलीचं नाव, मोबाईल नंबर, दवाखान्याच्या केसपेपरचा फोटो, सगळं एकाच चित्रात होतं. त्याखाली तिने मैत्रिणीला लिहिलेलं, ‘कुणाला सांगू नकोस ना गं.’ ते वाक्य वाचलं आणि पुढे बोट सरकवायचं धाडस झालं नाही. मैत्रिणीने ते तुझ्या जावेला दिलं, जावेने तुला, तू मला. ज्या मुलीचं हे सगळं आहे, तिला यातलं काहीच माहीत नाही.

आठवतं, दहावीच्या वर्षी तू ओंकारला रात्री माझ्याकडे घेऊन आली होतीस? त्या रात्री काय झालं होतं, ते मी आजवर तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही. उद्या त्याचा कागद कुणी फिरवला आणि मुलीकडच्या एखाद्या डॉक्टर मामाने त्यावरून ‘मुलगा नको’ म्हटलं, तर तुला कसं वाटेल?

आणि डॉक्टर म्हणून सांगतो, अशा कागदावरून निदान होतच नाही. तुझ्या फोटोत काय आहे ते बाजूला ठेव, एरवीचं उदाहरण देतो. अ‍ॅमिट्रिप्टिलीन ही गोळी नैराश्यावर देतात, तीच कमी डोसमध्ये अर्धशिशी वारंवार होऊ नये म्हणूनही देतात. समोर माणूस नसेल, तपासणी नसेल, तर नुसती पट्टी बघून काय कळणार? मी ‘काळजी नको’ म्हटलं तरी तो अंदाज, ‘जपून’ म्हटलं तरी अंदाजच. पण तुमच्या घरात तो निकाल ठरेल, कारण तो डॉक्टरने दिलेला असेल. मानसिक आरोग्याच्या 2017 च्या कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क स्पष्ट लिहिलाय. ती माझी रुग्ण नाही, हे खरं. तरीही तिच्या पाठीमागे तिचे कागद वाचायला माझं मन घेत नाही.

माझ्या फोनमधून चारही काढून टाकले, गॅलरीतून आणि गुगल फोटोजच्या ट्रॅशमधूनही. तूही आज एवढं कर. जिथे जिथे पाठवलेत तिथे तो मेसेज दाबून धरून Delete for everyone कर. साधारण दोन दिवस उलटून गेले की तो पर्याय मिळत नाही, म्हणून उद्यावर ढकलू नकोस. फॅमिली ग्रुपवर टाकले असशील तर आधी तिथले काढ. जावेला एवढंच लिही, ‘ते फोटो मी काढून टाकले, तुम्हीही काढा आणि पुढे कुणाला देऊ नका. जे विचारायचं ते आम्ही तिला समोरासमोर विचारू.’

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. लग्नाआधी तब्येतीबद्दल विचारणं गैर नाही, पण ते त्या दोघांनी एकमेकांना विचारायचं. सुरुवात ओंकारने करावी. आधी स्वतःचं सांगावं, दहावीचंसुद्धा, आणि मग म्हणावं, ‘तुला सांगावंसं वाटलं तर सांग, घाई नाही.’ स्क्रीनशॉटचा धागा पकडून तिला बोलतं करू नये. ती फसवणूक होईल. ती नको म्हणाली तर तिथेच थांबायचं. पुढे काय करायचं ते ओंकारने ठरवावं, पण तिच्या कागदांची चर्चा आपल्या घरात नको. तपासण्या करायच्याच असतील तर दोघांनी, दोघांच्या संमतीने कराव्यात. थॅलेसेमियासाठीची रक्ततपासणी लग्नाआधी करून घेतलेली चांगली, ती दोघांच्याही उपयोगाची आहे. रिपोर्ट त्या दोघांच्याच हातात राहू दे, तुझ्याही नको आणि माझ्याही नको. विवाहपूर्व समुपदेशनाला दोघं तयार असतील तर आमच्याकडच्या समुपदेशक बाईंशी गाठ घालून देतो. त्या काय बोलणं झालं ते मलासुद्धा सांगत नाहीत.

तुला स्वतःला भीती कसली वाटते, ते मला फोन करून सांग. ‘गोळ्या चालू असताना संसार होतो का,’ ‘मुलंबाळं होतात का,’ असे कुणाचंही नाव न घेता विचारलेले प्रश्न असतील तर हवा तितका वेळ बोलेन. रात्री झोप उडाली असेल आणि मी फोन उचलला नाही, तर 14416 लाव. ती सरकारची टेलिमानसची मोफत सेवा आहे. तिथे मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांच्या काळजीबद्दलही विचारता येतं.

रविवारी ओपीडी नाही. ओंकारला चार वाजता माझ्याकडे पाठव, एकट्याला. आणि ते फोटो त्याला दाखवले नसशील तर दाखवू नकोस.

तुझा भाऊ