श्वेता, तुझा आयएसबीचा एसे वाचला, माझं मत

श्वेता, काल रात्री दोनदा वाचला. भाषा मस्त आहे, ग्रामरला कुठेच हात लावायची गरज नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही. गोल्स आणि त्यामागचं लॉजिक यावरच बोलते कारण तू तेच विचारलं होतंस आणि खरी बोंब तिथेच आहे.

मार्क द्यायचे तर गोल किती स्पष्ट आहेत याला पाचपैकी अडीच, करिअरच्या लॉजिकला दोन, आणि तुझ्याकडे असलेल्या पुराव्याला चार. म्हणजे माल आहे गं, मांडलेला नाहीयेस.

तू लिहिलंयस की एमबीएनंतर टॉपच्या फर्ममध्ये कन्सल्टिंग करणार आणि दहा वर्षांनी नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकांसाठी कंपनी काढणार. आता या दोन्हीच्या मधे काय? कन्सल्टिंगमधून तुला नेमकं काय शिकायचंय जे कंपनीला लागेल, हे एका शब्दानेही आलं नाही. वाचणाऱ्याला वाटणार की पहिला गोल प्लेसमेंटसाठी आणि दुसरा मन जिंकायला. आणि खरं सांग, तसंच आहे ना थोडंफार? असेल तर कन्सल्टिंग काढून टाक, कुणी जबरदस्ती केलेली नाही. कोल्ड चेन किंवा अ‍ॅग्री सप्लाय चेनच्या कंपनीत ऑपरेशन्सचा रोल मागितलास तर साखळी आपोआप जुळते.

दुसरं म्हणजे तो तिसरा पॅरा, 'शेतकऱ्यांना मॅनेजमेंटचं ज्ञान नसल्यामुळे भाव पडतात'. हे वाक्य आजच्या आज उडव. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली ती मे 2024 पर्यंत, यात चांदवडच्या शेतकऱ्याचं कुठलं ज्ञान कमी पडलं? तुझे बाबा वाचतील तर काय म्हणतील! पॅनलवर शेतीतलं कळणारं एक जरी माणूस निघालं तरी तू तिथेच अडकशील. त्यापेक्षा प्रश्न लहान कर, जो तुझ्या हातात आहे तो घे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो, मग वजन घटतं, सडतो, कोंब येतात, आणि कधी विकायचा हे बहुतेक जण अंदाजाने ठरवतात. हा प्रश्न मॅनेजमेंटचा आहे आणि तुझाही आहे.

कारण चौथ्या पॅराच्या शेवटी तू एक ओळ टाकलीयेस, की 2022 ला बाबांच्या आणि शेजारच्यांच्या चाळीतल्या कांद्याचं दर आठवड्याला वजन घेऊन एक्सेल शीट केलं आणि त्यावरून माल कधी लासलगावला न्यायचा ते ठरवलं. अगं एवढी भारी गोष्ट आणि ती एका ओळीत?? आणि वरचे दोन पॅरे कंपनीतल्या डॅशबोर्डवर, जे तुझ्या टीममधला कुणीही लिहू शकतो. शीट वर आण. किती चाळी होत्या, काय चुकलं, कुणी ऐकलं नाही, सगळं लिही. रिटेल क्लायंटचं डिमांड फोरकास्टिंग तू ऑफिसात करतेस आणि तेच डोकं चाळीत वापरलंस, हा धागा तू स्वतःच दाखवलेला नाहीस.

'शेतकऱ्यांना प्रथमच एका कंपनीत एकत्र आणेन' हेही नको. उत्पादक कंपनीची तरतूद 2002 पासून कायद्यात आहे, दहा शेतकरी मिळून काढू शकतात, आणि तुझ्याच जिल्ह्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स उभी आहे. त्यांचं नाव घे आणि सांग की द्राक्षात जमलं ते साठवणीच्या कांद्यात का अवघड आहे, म्हणजे अभ्यास दिसेल.

'आयएसबीच का' हा भाग सगळ्यात पातळ. फॅकल्टी, नेटवर्क, डायव्हर्सिटी, हे तर वेबसाइटवर पण आहे. एक वर्षाचा कोर्स आहे, मधे समर इंटर्नशिप नाही, आणि तू आयटीतून दुसऱ्याच क्षेत्रात उडी मारतेयस, मग इंटर्नशिपशिवाय ती कशी मारणार हे लिहायलाच हवं. आणि शेतीतच काम करायचंय तर आयआयएम अहमदाबादचा फूड अँड अ‍ॅग्रीबिझनेसचा कोर्स का नको, आणंदचं इर्मा का नको? हे इंटरव्ह्यूला विचारणार म्हणजे विचारणारच. पाच वर्षांच्या नोकरीनंतर दोन वर्षं पगार सोडणं परवडत नाही हे खरं कारण असेल तर तेच लिही, त्यात लाजण्यासारखं काय आहे.

गोलचा पॅरा साधारण असा हवा, शब्द तुझे टाक: 'पुढची चार-पाच वर्षं मला नाशवंत मालाच्या साठवणीचं आणि वाहतुकीचं काम आतून शिकायचंय. त्यानंतर चांदवड तालुक्यात साठवणीवर चालणारी उत्पादक कंपनी उभी करायची, सुरुवात ज्या चाळींचा डेटा माझ्याकडे आहे तिथून.' एवढंच, 'क्रांती' वगैरे शब्द नकोत.

सगळं एकदम लिहित बसू नकोस, आधी फक्त गोल आणि शीटचे पॅरे शनिवारपर्यंत पाठव, बाकीचं रविवारी फोनवर बोलू. आणि त्या शीटचा स्क्रीनशॉट पण टाक, मला बघायचाय.