तळ्यातील कासवांच्या संख्येचा अंदाज: चिन्हांकन व पुनर्पकड पद्धतीने केलेल्या पाहणीचा क्षेत्र-अहवाल

या अहवालात सुमारे अडीच हेक्टरांच्या एका तळ्यातील कठीण कवचाच्या कासवांच्या एकाच जातीची संख्या काढली आहे. सर्व निरीक्षणे एकत्र धरली तर अंदाज २३३ कासवांचा येतो आणि त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा १८१ ते ३२७ अशी पडते. ही मर्यादा फक्त नमुन्यातील योगायोगाचा हिशेब देते. पद्धतीमागची गृहीतके कितपत पाळली गेली, याचा हिशेब तिच्यात नाही. त्यामुळे २३३ हा आकडा सुटा उचलून कोणत्याही आराखड्यात वापरू नये. तो कोठे भक्कम आहे आणि कोठे पोकळ, हे पुढे मांडले आहे.

पाहणी कशी केली

पहिल्या फेरीत सलग चार रात्री १४ सापळे लावले. हे सापळे गोल कड्यांवर जाळी ताणून केलेले असतात आणि आत माशांचे तुकडे आमिष म्हणून टांगलेले असतात. कासवाला श्वास घेता यावा म्हणून सापळ्याचा वरचा भाग पाण्याबाहेर ठेवावा लागतो. तिसऱ्या रात्री पाऊस झाला, पाणी वीतभर चढले आणि उतारावर लावलेला एक सापळा पूर्ण बुडून त्यात एक कासव मेले. त्यानंतर प्रत्येक सापळ्यात तरंगणारी बंद बाटली बांधली. हे पहिल्या रात्रीच करायला हवे होते. मेलेले कासव चिन्हांकित झालेले नव्हते, म्हणून ते हिशेबात धरलेले नाही. उरलेल्या ६४ कासवांच्या कवचाच्या कडेच्या पट्ट्यांवर कानशीने ठरावीक जागी खाचा पाडल्या आणि पाठीवर रंगाने क्रमांक लिहिला. प्रत्येक कासव जेथे सापडले तेथेच सोडले.

नऊ दिवसांनी दुसरी फेरी केली. या वेळी सापळ्यांच्या जागा बदलल्या आणि त्यांच्या जोडीला उथळ भागात ओढजाळेही फिरवले. एकूण ७१ कासवे मिळाली, त्यांपैकी १९ खाचांची होती. कवचाची लांबी १० सेंटिमीटरपेक्षा कमी असलेली सात पिल्ले ओढजाळ्यात आली, परंतु सापळ्याच्या जाळीतून ती सहज निसटतात, म्हणून ती मोजणीत घेतली नाहीत. त्यामुळे या अहवालातील प्रत्येक अंदाज १० सेंटिमीटर आणि त्याहून मोठ्या कासवांपुरताच आहे.

अंदाजाची रीत

पद्धतीमागचा विचार साधा आहे. पहिल्या फेरीत खुणावलेली कासवे संपूर्ण संख्येत नीट मिसळली असतील, तर दुसऱ्या फेरीतील खुणावलेल्यांचे प्रमाण संपूर्ण तळ्यातील त्यांच्या प्रमाणाइतकेच असेल. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी १८९६ मध्ये माशांच्या संदर्भात आणि अमेरिकेच्या लिंकन यांनी १९३० मध्ये जलपक्ष्यांच्या संदर्भात हा विचार मांडला, म्हणून त्याला दोघांचे नाव आहे. त्यांच्या मूळ सूत्राने आमचा अंदाज २३९ येतो. मात्र पुनर्पकडी थोड्या असताना हे सूत्र संख्या फुगवते. त्यामुळे आम्ही चॅपमन यांची १९५१ ची सुधारणा वापरली:

```
N = (M + 1)(C + 1) / (R + 1) - 1
```

येथे M म्हणजे पहिल्या फेरीत खुणावून सोडलेली ६४ कासवे, C म्हणजे दुसऱ्या फेरीत पकडलेली ७१ आणि R म्हणजे त्यांतील खुणेची १९. उत्तर २३३ येते, प्रमाण त्रुटी सुमारे ३६. नेहमीच्या रीतीने दोन्ही बाजूंना सारखी मर्यादा काढली असती तर ती १६२ ते ३०४ झाली असती. परंतु प्रत्यक्ष हाताळलेली वेगवेगळी कासवेच ११६ आहेत आणि अनिश्चितता वरच्या बाजूला जास्त असते, म्हणून लॉगरिदमवर आधारलेली असमान मर्यादा घेतली आहे.

हा अंदाज पुनर्पकडीच्या आकड्यावर किती टेकलेला आहे, याचे एक उदाहरण देतो. दुसऱ्या फेरीत एका मादीच्या आठव्या पट्टीवर तुटल्यासारखी खोबण दिसली. दोन निरीक्षकांपैकी एकाने ती आमची खाच ठरवली, दुसऱ्याने जुनी जखम. कड घासून गुळगुळीत झालेली होती, तर आमच्या खाचांच्या कडा नऊ दिवसांनंतरही बोटाला टोचत होत्या. म्हणून ती मादी खुणेची धरली नाही. धरली असती तर R २० झाला असता आणि अंदाज २२२ वर आला असता. एका कासवाच्या वादाने अकरा कासवे वर किंवा खाली जातात.

गृहीतके आणि त्यांची तपासणी

खूण टिकली पाहिजे, हे गृहीतक तपासणे सर्वांत सोपे होते, कारण दोन वेगवेगळ्या खुणा केल्या होत्या. परत मिळालेल्या १९ कासवांपैकी तिघांचा रंग पूर्ण पुसला गेला होता, खाच मात्र सगळ्यांची शाबूत होती. केवळ रंगावर विसंबलो असतो तर R १६ धरला गेला असता आणि अंदाज २७४ पर्यंत गेला असता. हरवलेली किंवा नजरेतून सुटलेली खूण संख्या नेहमी वरच फुगवते. येथे ती अडचण नगण्य आहे.

संख्या बंदिस्त असावी, म्हणजे दोन फेऱ्यांच्या दरम्यान जन्म, मृत्यू किंवा ये-जा नसावी, हे गृहीतक आम्हाला खरे धरता येत नाही. नऊ दिवसांत जन्म-मृत्यूंचा परिणाम किरकोळ राहील. ये-जा मात्र घडली आहे. पाहणीचा काळ अंडी घालण्याच्या हंगामाला लागून आला आणि दुसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी आमच्या खाचांच्या दोन माद्या तळ्यापासून सुमारे ३०० मीटरवर कोरड्या मातीत आढळल्या. कासवे फक्त बाहेर जात असतील आणि खुणेची व बिनखुणेची सारख्याच प्रमाणात जात असतील, तर अंदाज पहिल्या फेरीच्या वेळच्या संख्येला लागू राहतो. फक्त बाहेरून येत असतील तर तो दुसऱ्या फेरीच्या वेळच्या संख्येला लागू होतो. दोन्ही घडत असेल तर तो दोन्ही वेळच्या संख्येपेक्षा जास्त येतो. मग तो तळ्यात त्या दिवशी असलेल्या कासवांचा राहत नाही, तळ्याचा वापर करणाऱ्या संपूर्ण समूहाचा होतो.

पकडीची शक्यता सर्वांची सारखी असावी, हे तिसरे गृहीतक. याच ठिकाणी सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागली, आणि आमच्या आकड्यांत ते उघडपणे मोडलेले दिसते. नर व मादी वेगळे केले की चित्र बदलते. पहिल्या फेरीत ३८ नर व २६ माद्या खुणावल्या. दुसऱ्या फेरीत ४२ नर मिळाले, त्यांपैकी १५ खुणेचे. माद्या २९ मिळाल्या, त्यांपैकी खुणेच्या केवळ चार. खुणावलेल्या नरांपैकी ३९ टक्के परत आले, माद्यांपैकी १५ टक्के. वेगवेगळा हिशेब केला तर नर १०४ (प्रमाण त्रुटी सुमारे १५) आणि माद्या १६१ (प्रमाण त्रुटी सुमारे ५४) असे येतात, बेरीज २६५. एकत्रित अंदाजापेक्षा ती ३२ ने जास्त आहे. सहज पकडले जाणारे दोन्ही फेऱ्यांत पुन:पुन्हा हाती येतात, R वाढतो आणि संख्या कमी दिसते. अभिनती, म्हणजे एकाच दिशेला झुकणारी चूक, ती हीच.

पकडले जाण्याचा अनुभवही वागणूक बदलतो. आमिषाची चव लागलेले कासव सापळ्याकडे परत वळते आणि संख्या कमी दिसते. हाताळणीने बिचकलेले टाळाटाळ करते आणि संख्या जास्त दिसते. हे वेगळे काढता यावे म्हणूनच दुसऱ्या फेरीत ओढजाळे वापरले होते, कारण ओढजाळ्याला आमिषाची गोडी नाही. सापळ्यांत ४७ पैकी १५ खुणेची होती, ओढजाळ्यात २४ पैकी चार. केवळ सापळ्यांवरून अंदाज १९४ येतो आणि केवळ ओढजाळ्यावरून ३२४. एवढा फरक पाहून आमचाही पहिला समज सापळ्याची सवय लागल्याचाच झाला होता. लिंगानुसार पाहिल्यावर तो मागे घ्यावा लागला: नरांत सापळ्यात ३२ पैकी १२ आणि ओढजाळ्यात १० पैकी तीन खुणेचे होते, म्हणजे प्रमाण जवळपास सारखेच. माद्यांत मात्र सापळ्यात १५ पैकी तीन आणि ओढजाळ्यात १४ पैकी एक. फरकाचा मोठा भाग ओढजाळ्यात माद्या जास्त आल्यामुळे पडला आहे. नरांच्या बाबतीत सवयीचा ठळक परिणाम दिसत नाही; माद्यांचे आकडे इतके थोडे आहेत की त्यांवरून काहीच ठरवता येत नाही.

खुणेची कासवे तळ्यात मिसळली का, हेही पाहिले. परत मिळालेल्या १९ पैकी सात तळ्याच्या विरुद्ध अर्ध्या भागात सापडली. एवढ्या लहान तळ्यासाठी हे पुरेसे वाटते.

आकडे कसे वाचावेत

नरांचा १०४ हा अंदाज आम्ही विश्वासार्ह मानतो. तेथे पुनर्पकडी पुरेशा आहेत, दोन्ही साधनांचे उत्तर जुळते आणि नर तळ्याबाहेर गेल्याचा पुरावा नाही. त्यांच्यातही व्यक्तिगत फरक असणारच, त्यामुळे १०४ हा आकडा थोडा कमीच असण्याची शक्यता अधिक.

माद्यांचा १६१ हा आकडा तसा नाही. चॅपमन सूत्राची अभिनती नगण्य राहण्यासाठी निदान सात पुनर्पकडी असाव्यात असा सर्वसाधारण नियम आहे. आमच्याकडे चार आहेत. शिवाय माद्यांच्या कमी पुनर्पकडींची दोन कारणे संभवतात आणि या आकड्यांतून ती वेगळी करता येत नाहीत. एक, माद्या खरोखरच जास्त आहेत आणि प्रत्येकीची पकडीची शक्यता कमी आहे. दोन, खुणावलेल्या माद्या अंडी घालायला बाहेर पडल्या व त्यांच्या जागी बिनखुणेच्या परत आल्या, आणि त्यामुळे संख्या फुगली. रानात सापडलेल्या त्या दोन माद्यांमुळे आमचा कल दुसऱ्या कारणाकडे आहे, पण दोन निरीक्षणांवर याहून जास्त भार टाकणे योग्य होणार नाही. म्हणून या तळ्यात माद्या नरांपेक्षा दीडपट आहेत असे विधान या अहवालाच्या आधारे करू नये.

पुढील पाहणी अंडी घालण्याचा हंगाम संपल्यावर करावी आणि दोनऐवजी किमान पाच फेऱ्या घ्याव्यात. प्रत्येक कासवाचा पकडीचा इतिहास हाती आला की वेळेनुसार, वागणुकीनुसार आणि व्यक्तीनुसार पकडीची शक्यता बदलू देणारी प्रारूपे एकमेकांशी ताडून पाहता येतील. दोन फेऱ्यांत ते शक्यच नसते. खाचांचे क्रमांक नोंदवहीत कायम आहेत, त्यामुळे या वेळच्या ११२ कासवांच्या खुणा (पहिल्या फेरीतील ६४ आणि दुसऱ्या फेरीत नव्याने खुणावलेली ४८) त्या पाहणीतही उपयोगी पडतील. दुसऱ्या फेरीत मिळालेल्या बिनखुणेच्या ५२ पैकी चार कासवांना, त्या वादग्रस्त मादीसह, कवचाला आधीच जखमा असल्यामुळे खाच पाडलेली नाही. त्यांची छायाचित्रे नोंदवहीला जोडली आहेत.